पासबुकावर नाव चुकलंय? निवृत्त शिक्षकांनी बँकेला दुरुस्तीचं पत्र कसं द्यावं

बँकेतून निवृत्त झाल्यापासून ओळखीचे शिक्षक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. त्यांत सर्वांत जास्त वेळा फसणारा अर्ज नावाच्या स्पेलिंगचा असतो. सर पत्र देतात, आठ-पंधरा दिवसांत नवीन पासबुक हातात पडतं, पहिल्या पानावर नाव बरोबर दिसतं, काम झालं असं वाटतं. मग कधीतरी ते नवीन मुदत ठेव करतात आणि पावतीवर पुन्हा तेच जुनं, चुकलेलं नाव उमटतं.

याचं कारण पत्रातच असतं. पत्रात लिहिलेलं असतं, "माझ्या पासबुकावरील नाव दुरुस्त करून मिळावे." बँकेने तेवढंच केलेलं असतं. पासबुक म्हणजे बँकेच्या नोंदीची छापील प्रत. दुरुस्ती नोंदीत व्हायला हवी आणि पत्रात ती तशी मागायला हवी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या, कारण बहुतेकांचं काम क्रम चुकल्यामुळेच अडतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक नमुना नाव धरतो: ज्ञानदेव वामन शेवाळे, निवृत्त शिक्षक. पत्नी कमल, पेन्शनच्या खात्यात दोघांची नावं. बरोबर स्पेलिंग DNYANDEO WAMAN SHEWALE. बँकेत आहे DYANDEV WAMAN SHEVALE. देवनागरीत कुठलीच चूक नाही. चूक रोमन अक्षरांत आहे, तीही तीन ठिकाणी: पहिल्या नावातला N गळला, शेवटच्या O चा V झाला आणि आडनावातल्या W चा V झाला. 'ज्ञ' आणि 'व' ही दोन अक्षरं मराठी नावांत सर्वांत जास्त घोळ घालतात.

## टप्पा १ : चूक कुठल्या पातळीवर आहे ते आधी शोधा

बँकेच्या संगणकात तुमचं नाव एकाच जागी नसतं. एक नोंद ग्राहकाची असते. तिला सीआयएफ किंवा ग्राहक क्रमांक म्हणतात आणि तो पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. या एका क्रमांकाखाली तुमचं बचत खातं, मुदत ठेवी, लॉकर असं सगळं जोडलेलं असतं. दुसरी नोंद प्रत्येक खात्याच्या नावाची असते. ग्राहकाच्या नोंदीतलं नाव बदललं तरी जुन्या खात्यांची नावं आपोआप बदलतीलच असं नाही. उलटही होतं: खात्याचं नाव बदललं, पासबुक छान छापून आलं, पण ग्राहकाच्या नोंदीत जुनंच नाव राहिलं. त्यानंतर जे जे नवीन उघडाल, ते त्या जुन्या नावाने उघडेल.

म्हणून घरी बसून एका कागदावर नोंद करा. पासबुक, चेकबुकातलं एक पान, एटीएम कार्ड, प्रत्येक मुदत ठेवीची पावती आणि मोबाइल ॲप असेल तर त्यात दिसणारं नाव, प्रत्येक ठिकाणचं स्पेलिंग जसंच्या तसं उतरवा. कार्डावर जागा कमी असते म्हणून मधलं नाव आद्याक्षराने येऊ शकतं, ती चूक धरू नका.

मग शाखेत जाऊन काउंटरवर एवढंच विचारा: "माझ्या सीआयएफमध्ये नाव काय आहे आणि खात्याला नाव काय आहे, दोन्ही वाचून दाखवता का?" अक्षर अक्षर लिहून घ्या. हा प्रश्न विचारणाऱ्याला कोणी नुसतं पासबुक छापून परत पाठवत नाही.

तपासा : जोडखातेदाराची ग्राहक नोंद वेगळी असते. आपल्याकडे बायकोच्या मधल्या नावात नवऱ्याचं नाव येतं, त्यामुळे चूकही तिच्याकडे जाते. शेवाळे सरांच्या पत्नीचं नाव बँकेत KAMAL DYANDEV SHEVALE असं होतं. सरांचं नाव दुरुस्त झालं आणि बाईंचं राहिलं, तर पुढे कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू करायची वेळ येईल तेव्हा ते निस्तरायला सर नसतील. दोघांची दुरुस्ती एकाच वेळी करा.

पुष्कळ जण म्हणतात, "इतकी वर्षं पेन्शन जमा होतंय, मग नाव चुकलं तर बिघडलं कुठे?" पेन्शन जमा होतं कारण एनईएफटीसारख्या व्यवहारात पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवून नाही. म्हणूनच चूक वर्षानुवर्षं लपून राहते. ती उघडी पडते ती दुसऱ्याच ठिकाणी: आयकर परताव्यासाठी पोर्टलवर खातं प्रमाणित करताना पॅनमधलं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही, विम्याचा चेक बरोबर नावाने येतो आणि खात्याच्या नावाशी जुळत नाही म्हणून परत जातो. २०२५ पासून तर आरटीजीएस-एनईएफटी करणाऱ्याला खातेदाराचं नाव आधी दाखवण्याची सोय बँकांना द्यावी लागते. समोरच्याला वेगळंच नाव दिसलं की तो पैसे पाठवताना थबकतो.

## टप्पा २ : बरोबर स्पेलिंग कोणतं, ते कागदांवरून ठरवा

हा टप्पा गाळून थेट पत्र लिहिणारे सर्वांत जास्त हेलपाटे घालतात. "माझं नाव मला माहीत आहे" हे खरं, पण बँक तुमच्या तोंडचं नाव लावत नाही, कागदावरचं लावते. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत ओळखीसाठी ठरावीक कागद आहेत: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, राज्य सरकारच्या अधिकाऱ्याची सही असलेलं नरेगा जॉब कार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. त्याशिवाय पॅन. निवृत्त शिक्षकाच्या बाबतीत यांच्या जोडीला पीपीओ, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेश येतो.

आधार, पॅन आणि पीपीओ शेजारी शेजारी ठेवा. चष्मा लावून, पेन्सिलीचं टोक प्रत्येक अक्षरावर ठेवत वाचा. सलग वाचलं की डोळे बरोबर नाव 'पाहतात' आणि चूक निसटते. इतकी वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाच्याही नजरेतून स्वतःच्या नावातली चूक सुटते, हे मी समोर बसून पाहिलं आहे.

आता तीनपैकी एक परिस्थिती निघेल.

पहिली : तिन्ही कागद जुळतात, फक्त बँक वेगळी. शेवाळे सरांचं असंच आहे. सरळ टप्पा ३ वर जा. पीपीओवर आडनाव आधी, म्हणजे SHEWALE DNYANDEO WAMAN असं असेल तर ती चूक नव्हे, नुसता क्रम आहे. पत्रात तसा एका ओळीत उल्लेख करा, म्हणजे काउंटरवर शंका निघणार नाही.

दुसरी : आधार आणि पॅन यांच्यातच फरक. मग बँकेत अजून जाऊ नका. आधी आधार दुरुस्त करा, नंतर त्याला धरून पॅन, आणि शेवटी बँक. उलट क्रमाने गेलात तर बँकेतलं नाव दोनदा बदलावं लागतं आणि दुसऱ्या वेळी अधिकारी साहजिकच जास्त कागद मागतो. आधारवर नाव दुरुस्त करायची संधी आयुष्यात दोनदाच मिळते. केंद्रावर पावती हातात पडली की तिथेच उभं राहून स्पेलिंग वाचा, घरी येऊन नाही.

तिसरी : आधार-पॅन जुळतात, पण पीपीओवर वेगळं. बँकेत आधार-पॅनप्रमाणे नाव लावून घ्या. पीपीओची दुरुस्ती बँकेच्या हातात नाही आणि कोषागारही ती आपल्या अधिकारात करत नाही. ज्या शाळेने किंवा कार्यालयाने तुमची पेन्शनची कागदपत्रं पाठवली, त्यांच्यामार्फत ज्यांनी पीपीओ काढला त्यांच्याकडे प्रस्ताव जातो: खासगी अनुदानित शाळांच्या बाबतीत महालेखाकार कार्यालय, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बाबतीत जिल्हा परिषद. तो मार्ग वेगळा आणि लांबचा आहे. बँकेच्या पत्रात तो विषय घालू नका.

सावधान : स्पेलिंगची चूक आणि नावातला बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. DYANDEV चं DNYANDEO ही चूक दुरुस्ती आहे. पण नोकरीला लागताना माहेरचं नाव होतं आणि आता सासरचं लावायचं आहे, किंवा आडनावच बदललं आहे, तर तो नावातला बदल झाला. त्यासाठी राज्य सरकारने दिलेलं विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली प्रसिद्धी लागते. बाईंच्या बाबतीत हे दोन्ही एकत्र आलं की पत्राचा विषय "स्पेलिंग दुरुस्ती" असा लिहू नका. "नावातील बदलाची नोंद" असा लिहा आणि प्रमाणपत्र जोडा. चुकीच्या विषयाखाली गेलेला अर्ज तपासणीत मागे येतो.

## टप्पा ३ : कागद जोडा, आणि जुनं पासबुक शोधा

जोडायचे कागद थोडे आहेत: आधार, पॅन, पीपीओचं नाव असलेलं पान आणि सध्याच्या पासबुकाचं पहिलं पान. जोडखातेदाराचं आधार आणि पॅन वेगळं. प्रत्येक झेरॉक्सवर सही आणि तारीख. आधारच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात "फक्त बँकेतील नाव दुरुस्तीसाठी" असं लिहा. अक्षर छायाचित्रावर किंवा नावावर जाऊ देऊ नका, नाहीतर तीच प्रत अस्पष्ट म्हणून नाकारतात.

पण सर्वांत उपयोगी कागद बहुतेकांच्या पेटीत तळाशी असतो: संगणक येण्यापूर्वीचं, हाताने लिहिलेलं जुनं पासबुक किंवा ठेवीची जुनी पावती. शाखा संगणकीकृत झाल्या तेव्हा लेजरमधली नावं माणसांनी बसून टाइप केली. चूक बहुधा तिथे शिरली. जुन्या पासबुकावर नाव बरोबर असेल, तर चूक तुमच्या अर्जातली नसून नोंद करतानाची आहे हे एका कागदाने सिद्ध होतं. त्याची झेरॉक्स जोडा, मूळ पासबुक कोणालाही देऊ नका. ते नसेल तर खातं उघडण्याचा मूळ फॉर्म शाखेच्या दप्तरात पाहून घ्यावा, अशी विनंती पत्रात करता येते. खाली नमुन्यात ती ओळ आहे.

तपासा : सही. पत्रावरची सही बँकेतल्या नमुना सहीशी जुळली नाही तर नावापर्यंत गोष्ट पोचतच नाही. वयानुसार हात कापतो, अक्षर बदलतं, काही जण मराठीतली सही सोडून इंग्रजीत करू लागतात. नमुना सही ज्या लिपीत, त्याच लिपीत सही करा. ती आता जमतच नसेल तर नवीन नमुना सहीचा फॉर्म याच भेटीत वेगळा भरून द्या.

## टप्पा ४ : पत्र लिहा

पत्र मराठीत दिलं तरी चालतं. अट एकच: नाव रोमन मोठ्या अक्षरांत, सुटं सुटं लिहा, कारण संगणकात ते तसंच भरायचं आहे. देवनागरी नावावरून काउंटरवरच्या माणसाने स्पेलिंग ठरवलं, तर याच चुकीची पुढची आवृत्ती तयार होते.

एका पानात मावेल एवढंच लिहा. किती वर्षं सेवा केली, किती वेळा हेलपाटे घातले, कोण कसं बोललं, हे पत्रात नको. मला ते मनापासून कळतं. तरी नोंद बदलणारा माणूस पत्रात फक्त तीन गोष्टी शोधत असतो: कुठल्या नोंदी, सध्या काय आहे, काय हवं आहे. त्या त्याला पहिल्या नजरेत दिसल्या पाहिजेत.

नमुना असा:

> दिनांक : ..............
>
> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> .............. बँक, .............. शाखा
>
> विषय : बँकेच्या सर्व नोंदींतील माझ्या व जोडखातेदाराच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दुरुस्ती करणेबाबत.
>
> संदर्भ : ग्राहक क्रमांक .............. / बचत खाते क्र. .............. / मुदत ठेव क्र. .............. / पीपीओ क्र. ..............
>
> महोदय,
>
> मी सेवानिवृत्त शिक्षक असून माझे निवृत्तिवेतन आपल्या शाखेतील वरील बचत खात्यात जमा होते. बँकेच्या नोंदीत माझ्या व माझ्या पत्नीच्या नावाचे स्पेलिंग चुकलेले आहे. तपशील पुढीलप्रमाणे :
>
> खातेदार
> सध्याची नोंद : DYANDEV WAMAN SHEVALE
> बरोबर नाव : DNYANDEO WAMAN SHEWALE
>
> जोडखातेदार
> सध्याची नोंद : KAMAL DYANDEV SHEVALE
> बरोबर नाव : KAMAL DNYANDEO SHEWALE
>
> बरोबर नाव आमच्या आधार व पॅनप्रमाणे आहे. माझ्या पीपीओवर हेच नाव आडनाव प्रथम या क्रमाने आहे. ही केवळ स्पेलिंगची दुरुस्ती असून नावात बदल केलेला नाही. जुन्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. आवश्यक वाटल्यास खाते उघडण्याचा मूळ अर्ज आपल्या दप्तरातून पाहावा.
>
> तरी पुढील सर्व ठिकाणी दुरुस्ती व्हावी, ही विनंती :
> १. दोन्ही ग्राहक क्रमांकांच्या मूळ नोंदी
> २. वरील बचत खात्याचे नाव
> ३. वरील मुदत ठेवींची नावे व पावत्या
> ४. दुरुस्तीनंतर नवीन पासबुक, चेकबुक व एटीएम कार्ड
>
> दुरुस्ती झाल्यावर तसे लेखी किंवा एसएमएसद्वारे कळवावे.
>
> आपले विश्वासू,
>
> (सही) ....................  (सही) ....................
> ज्ञानदेव वामन शेवाळे  कमल ज्ञानदेव शेवाळे
> मोबाइल : ..............
>
> सोबत : १. आधार प्रती (२)  २. पॅन प्रती (२)  ३. पीपीओची प्रत  ४. सध्याच्या पासबुकाचे पहिले पान  ५. जुन्या पासबुकाचे पहिले पान

या पत्रातले "सर्व नोंदींतील" हे शब्द आणि "सध्याची नोंद / बरोबर नाव" ही जोडी, यांत हात घालू नका. बाकी भाषा आपापल्या पद्धतीने बदला.

मुदत ठेवींचे क्रमांक एक एक करून लिहा, "माझ्या सर्व ठेवी" असं मोघम नको. ठेव दुसऱ्या शाखेत असेल तर तीही लिहा, शाखेच्या नावासकट. आणि वारसाच्या नोंदीतलं, म्हणजे नॉमिनीचं नाव चुकलं असेल तर ते या पत्रात घालू नका. वारसनोंद पत्रावर बदलत नाही, तिचा बँकेचा स्वतंत्र फॉर्म असतो आणि त्याची स्वतंत्र पोच घ्यायची असते. पुष्कळ जण दोन्ही एकत्र लिहितात, नाव दुरुस्त होतं आणि वारसाची ओळ तशीच राहते, कोणाच्या लक्षातही येत नाही.

सावधान : पत्र संगणकावर टाइप करून घेत असाल तर छापल्यावर पुन्हा वाचा. टाइप करणाऱ्याच्या सवयीने DNYANDEO चं DNYANDEV होतं. असंच एक पत्र माझ्या हातात आलं होतं, ज्यात "बरोबर नाव" हेच चुकलेलं होतं, खाली सरांची सही होती आणि बँकेने अगदी त्याबरहुकूम दुरुस्ती करून दिली होती.

## टप्पा ५ : पत्र द्या आणि पोच घ्या

पत्र मूळ शाखेत द्या, म्हणजे जिथे खातं आहे तिथे. दोन प्रती न्या. सोबत मूळ कागद न्या, कारण झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून त्यावर शिक्का मारायचा असतो. मूळ कागद तिथल्या तिथे परत घ्या.

जोडखातेदाराने बरोबर जाणं बरं. बाईंची तब्येत बरी नसेल आणि जाणं शक्य नसेल तर घरून सही आणण्यापूर्वी शाखेत विचारून घ्या, त्यांच्यासमोरच सही व्हावी असा आग्रह असू शकतो.

काउंटरवर बहुधा ग्राहक माहिती बदलण्याचा छापील फॉर्म देतील. तो भरा, पण "फॉर्म भरला म्हणजे पत्राची गरज नाही" असं म्हटलं तरी पत्र मागे घेऊ नका. फॉर्ममध्ये नवीन नाव लिहायला जागा असते, मुदत ठेवींची यादी द्यायला नसते. "सोबत पत्र जोडले आहे" असं फॉर्मवर लिहून दोन्ही एकत्र टाचून द्या.

दुसऱ्या प्रतीवर बँकेचा आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. नुसता गोल शिक्का, तारखेशिवाय, पुढे काही कामाचा नाही. पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर वाद न घालता पत्र स्पीड पोस्टाने त्याच शाखेला पाठवा आणि पावती जपून ठेवा.

वेळेचंही सांगतो. हे काम नोव्हेंबरमध्ये काढू नका. त्या महिन्यात कोषागाराकडून आलेल्या यादीवर हयातीच्या सह्या करायला सगळे पेन्शनर बँकेत येतात, आणि एका नोंदीसाठी लागणारं लक्ष त्या गर्दीत मिळत नाही. मार्चअखेरही तसाच.

## टप्पा ६ : दुरुस्ती झाली का, ते स्वतः पाहा

बँकेत नोंद बदलायला दोन माणसं लागतात. एक जण नवीन नाव भरतो, दुसरा अधिकारी ते तपासून मंजूर करतो. मंजुरी मिळेपर्यंत जुनंच नाव चालू असतं. म्हणून "आम्ही टाकलंय सर, होऊन जाईल" याचा अर्थ पुष्कळदा पहिली पायरी झाली आहे एवढाच असतो. आठवड्याने जाऊन विचारायचं ते असं: "मंजूर झालंय का?"

नवीन पासबुक घेताना काउंटर सोडण्याआधी पहिलं पान वाचा. मग टप्पा १ चा तोच कागद काढा आणि प्रत्येक ओळ पुन्हा तपासा. पुन्हा विचारा, सीआयएफमध्ये काय दिसतंय, खात्याला काय दिसतंय, बाईंच्या सीआयएफमध्ये काय दिसतंय. मुदत ठेवीच्या जुन्या पावतीवर पेनने केलेली दुरुस्ती स्वीकारू नका. पावती नव्याने छापून घ्या, नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील.

जुनं चेकबुक नवीन हातात येईपर्यंत फाडू नका. त्यातला एखादा चेक कोणाला देऊन ठेवला असेल आणि तो वटायचा असेल, तर ते शाखेत आधीच सांगा.

नंतर एकदा आयकर पोर्टलवर खातं पुन्हा प्रमाणित करून पाहा. ते झालं तर बँकेचं नाव पॅनशी जुळलं याचा बाहेरचा पुरावा मिळाला. एवढ्यावर न थांबता पुढच्या नोव्हेंबरमध्ये हयातीच्या यादीवर सही करताना यादीतलं नाव आणि खाते क्रमांक दोन्ही वाचा. यादी कोषागाराची असते, त्यामुळे तिथे वेगळं स्पेलिंग दिसलं तर बँकेशी वाद घालू नका. तो पीपीओचा प्रश्न आहे आणि टप्पा २ मधल्या तिसऱ्या मार्गाने जायचा आहे.

## टप्पा ७ : उत्तरच आलं नाही तर

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर स्मरणपत्र द्या. त्यात नवीन काही लिहू नका: पहिल्या पत्राची तारीख, पोच असलेल्या प्रतीची झेरॉक्स आणि "अद्याप दुरुस्ती झालेली नाही" एवढंच. शाखा व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटा. बहुतेक कामं इथे होतात, कारण अर्ज कुठल्यातरी टेबलावर एका कागदासाठी अडलेला असतो आणि ते कळवायचं राहून गेलेलं असतं. कोणता कागद कमी आहे ते लेखी मागा.

तरीही हललं नाही तर बँकेच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करा. शाखेत नोटीस बोर्डावर त्या अधिकाऱ्याचा पत्ता लावलेला असतो. विषयात "नाव दुरुस्ती अर्ज प्रलंबित, तक्रार" असा स्पष्ट 'तक्रार' शब्द घाला. विनंतीपत्राला तक्रार धरलं जात नाही, आणि पुढच्या पायरीसाठी तक्रारीची तारीखच मोजली जाते. तक्रार क्रमांक मिळेल तो लिहून ठेवा.

त्या तारखेपासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी फी नाही आणि वकील लागत नाही. cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. बँकेकडे आधी तक्रार न करता थेट तिथे गेलात तर ती स्वीकारली जात नाही. तिथे तीन कागद जोडा: पोच असलेलं पहिलं पत्र, बँकेकडे केलेली तक्रार तिच्या क्रमांकासह, आणि आधार-पॅनच्या शेजारी पासबुकाचं पहिलं पान ठेवून काढलेली एक झेरॉक्स, ज्यात तीन चुकलेल्या अक्षरांभोवती पेन्सिलीने गोल केलेला असेल.